तीन वर्षं हप्ते भरले, मग कर्ज हललं का नाही?

*"जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. वीस लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत, हप्ता १७,९९५. एकही हप्ता चुकवलेला नाही. तीन वर्षांत साडेसहा लाखांच्या आसपास भरले आणि परवा शाखेत विचारलं तर शिल्लक १८ लाख ७६ हजार! सव्वा लाखसुद्धा फिटलेलं नाही. नणंदेचे यजमान म्हणतात, बँक आधी सगळं व्याज काढून घेते आणि मुद्दलाला शेवटी हात लावते, त्यामुळे आता जादा पैसे भरून उपयोग नाही. आमच्या ह्यांचं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. ते म्हणतात, दुसरी बँक साडेआठने देतेय, हप्ताही सोळा हजारांवर येतो, तिकडे जाऊ. माझी दीड लाखाची भिशी याच महिन्यात लागलीय. बँकेनं परतफेडीचा तक्ता दिलाय, पण तो बघितला की डोळे फिरतात. काय करू?"*
— एक शिक्षिका, सोलापूर

ताई,

तो तक्ता फाईलमधून काढा आणि एक पट्टी घ्या. मुलांच्या कंपासमधली चालेल. मी सत्तावीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली, आणि त्या टेबलावर कॅल्क्युलेटरपेक्षा पट्टीच जास्त झिजली. दोनशे चाळीस ओळी एकदम बघितल्या की कुणाचेही डोळे फिरतील. पट्टी ठेवायची ती एका ओळीखाली, म्हणजे खालचं काही दिसत नाही. शाळेत पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवताना तुम्हीही हेच करत असाल.

पहिली ओळ. हप्ता १७,९९५. पुढच्या रकान्यात व्याज १५,०००. त्याच्या पुढे मुद्दल २,९९५. शेवटी शिल्लक १९,९७,००५. आता हा पंधरा हजारांचा आकडा कुठून आला ते बघा. वीस लाखांचे ९ टक्के म्हणजे वर्षाला १,८०,०००. बारानं भागलं की १५,०००. एवढंच. यात पुढच्या वर्षांचं, पुढच्या महिन्याचं, अगदी पुढच्या दिवसाचंही व्याज नाही. त्या महिन्यात बँकेचे वीस लाख तुमच्याकडे होते, त्याचं एका महिन्याचं भाडं पंधरा हजार. हप्त्यातून ते भाडं वजा झालं आणि जे उरलं ते मुद्दलात गेलं.

पट्टी एक ओळ खाली सरकवा. आता भाडं वीस लाखांचं नाही, १९,९७,००५ चं आहे. त्याचं महिन्याचं व्याज १४,९७८. हप्ता तेवढाच, म्हणून मुद्दलात या वेळी ३,०१७ गेले. बावीस रुपये जास्त. तिसऱ्या ओळीत व्याज १४,९५५ आणि मुद्दल ३,०४०. तक्त्यात याच्यापलीकडे काही नाही, हीच एक कृती दोनशे चाळीस वेळा केलेली आहे. मधल्या काही ओळी तेवढ्या खाली मांडते. तुमच्या कागदावर रुपया-दोन रुपये इकडेतिकडे दिसतील, ते पूर्णांक करण्यामुळे.

| हप्ता क्र. | व्याज | मुद्दल | शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | १५,००० | २,९९५ | १९,९७,००५ |
| २ | १४,९७८ | ३,०१७ | १९,९३,९८८ |
| ३ | १४,९५५ | ३,०४० | १९,९०,९४८ |
| ३६ | १४,१०५ | ३,८९० | सुमारे १८,७६,७५० |
| २४० | १३४ | १७,८६१ | ० |

पहिल्या ओळीचा हिशेब जुळला नाही तर लगेच घाबरू नका. कर्ज ११ तारखेला हातात पडलं आणि हप्ता ५ तारखेचा असेल, तर पहिल्या महिन्याचं व्याज दिवसांवर मोजलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून मात्र जुळायलाच हवं.

आता नणंदेच्या यजमानांचं म्हणणं. त्यांना दिसलं ते खरं आहे, त्याचं कारण मात्र त्यांनी चुकीचं लावलंय. वीस वर्षांत तुम्ही एकूण २३ लाख १८ हजारांच्या वर व्याज भरणार आहात. बँक ते सगळं आधी काढून घेत असती, तर आजवरचे तुमचे ६ लाख ४७ हजार पूर्ण व्याजातच गेले असते आणि शिल्लक अजून वीस लाखच दिसली असती. तसं झालेलं नाही, १ लाख २३ हजार मुद्दल फिटलंय. दुसरी खूण याहून सोपी. समजा उद्या तुम्हाला लॉटरी लागली आणि तुम्ही कर्ज बंद करायला गेलात, तर बँक मागेल किती? १८ लाख ७६ हजार आणि चालू महिन्याच्या थोड्या दिवसांचं व्याज. उरलेले २०४ हप्ते मिळून ३६ लाख ७० हजारांचे आहेत, पण त्यातलं जवळजवळ अठरा लाखांचं व्याज तुम्ही अजून देणं लागतच नाही. ते महिना सरल्याशिवाय तयारच होत नाही. बँकेनं आधी काढून घेतलेलं असं त्यात काहीच नाही.

मग सुरुवातीला व्याजच का जास्त? कारण हप्ता ठरवताना तुम्ही मुदत लांब घेतली. हे जरा सावकाश बघू, कारण माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसांपैकी निम्मे इथेच अडायचे.

वीस लाखांचं पहिल्या महिन्याचं व्याज पंधरा हजार आहे, मुदत काहीही घ्या. पाच वर्षांची घ्या, तीस वर्षांची घ्या, पहिल्या ओळीत व्याजाच्या रकान्यात १५,००० च येणार. मुदतीनं ठरतं ते एवढंच, की त्या पंधरा हजारांवर तुम्ही आणखी किती घालता. दहा वर्षांची मुदत घेतली असती तर हप्ता २५,३३५ आला असता आणि पहिल्याच महिन्यात १०,३३५ मुद्दलात गेले असते. वीस वर्षांची घेतलीत म्हणून वर घालायला फक्त २,९९५ उरले. उद्या एखाद्यानं महिन्याला बरोबर पंधरा हजारच भरायचे ठरवले, तर नातवंडांपर्यंत कर्ज वीस लाखच राहील. तुमचा हप्ता त्या न फिटणाऱ्या हप्त्यापेक्षा जेमतेम तीन हजारांनी मोठा आहे. तुम्हाला बँकेची लबाडी वाटते आहे ती या तीन हजारांच्या फरकाची करामत आहे. त्यात दोष कुणाचाच नाही. तेव्हा तुमच्या पगारात पंचवीस हजारांचा हप्ता बसला नसता, म्हणून सतरा-अठराचा घेतला. पण किंमत कुठे मोजली ते तक्त्यात दिसतं. दहा वर्षांत एकूण व्याज सुमारे १० लाख ४० हजार झालं असतं, वीस वर्षांत ते २३ लाख १८ हजार होतंय.

मुद्दलाचा रकाना वरून खाली वाचत गेलात तर तो आधी मुंगीच्या पावलानं वाढतो आणि नंतर धावायला लागतो. शिल्लक बारा लाखांच्या आसपास आली की व्याज आणि मुद्दल समसमान होतात. तुमच्या तक्त्यात ती ओळ १४९ वी, म्हणजे तेराव्या वर्षातली. आणि अर्धं कर्ज, म्हणजे दहा लाख, फिटायला १६८ हप्ते लागतात. बरोबर चौदा वर्षं. उरलेले दहा लाख त्यानंतर सहा वर्षांत फिटतात. या दोन ओळींवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

बँकेच्या कागदावर विश्वास बसत नसेल तर मोबाईलमधल्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे तीन टाका:

```
=PMT(9%/12,240,-2000000)
=IPMT(9%/12,1,240,-2000000)
=PPMT(9%/12,1,240,-2000000)
```

पहिल्यात हप्ता येईल, दुसऱ्यात व्याज, तिसऱ्यात मुद्दल. मधला जो सुटा १ आहे तो हप्त्याचा क्रमांक. तिथे १४९ टाकून बघा. ज्यांचं कर्ज वेगळं आहे त्यांनी दर, महिने आणि रक्कम आपली टाकावी.

मात्र सगळेच तक्ते इतके सरळ नसतात, हे मी स्वतःच्या खिशातून शिकले आहे. माझं पहिलं घरकर्ज मी नोकरीत नवी असताना बाहेरच्या एका संस्थेकडून घेतलं होतं. तक्ता मिळाला तसा कपाटात ठेवला. दिवसभर लोकांना तक्ते समजावणारी बाई, घरचा कोण बघतो! दीड वर्षानं कशासाठी तरी काढला तेव्हा दिसलं की व्याजाच्या रकान्यात बारा ओळी एकच आकडा होता. मग तेरावीला एकदम खाली उतरून पुन्हा बारा ओळी तसाच. मी दर महिन्याला भरत असलेलं मुद्दल ते वर्षअखेरीलाच खात्यातून वजा करत होते. अकरा महिने फेडलेल्या पैशांवरही मी व्याज देत होते. याला वार्षिक शिलकेवरचं व्याज म्हणतात. कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि सही माझीच होती. सुरुवातीला फरक थोडा पडतो, पण मुद्दलाचा भाग वाढत गेला की तो टोचायला लागतो. तुमच्या तक्त्यात दर ओळीला व्याज उतरतंय, म्हणजे ही भानगड नाही. वाचणाऱ्या बाकीच्यांनी मात्र आपल्या कागदावर बारा ओळी पट्टी फिरवून बघावी.

दुचाकीला किंवा लुमसाठी घेतलेल्या काही कर्जांत सपाट व्याज असतं, तिथे तर व्याजाचा रकाना शेवटपर्यंत हलतच नाही. एक लाखाला १२ टक्के सपाट दरानं तीन वर्षं म्हणजे सरळ ३६ हजार व्याज आणि हप्ता ३,७७८. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे तीन हजारही नसतात, तरी व्याज पूर्ण लाखाचंच. घटत्या शिलकेच्या भाषेत तो दर साधारण २१ टक्के पडतो. तक्रार करायचीच असेल तर ती इथे शोभेल.

आता भिशीचे दीड लाख. आज ते मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शिल्लक १७ लाख २६ हजारांवर येते आणि उरलेल्या २०४ हप्त्यांऐवजी १७१ हप्त्यांत कर्ज संपतं. त्यातला शेवटचा चार हजारांचाच. पावणेतीन वर्षं आधी सुटका. व्याजात वाचतात सुमारे ४ लाख ५८ हजार. हेच दीड लाख तुम्ही बारा वर्षं झाल्यावर भरले असते तर सोळा हप्ते कमी झाले असते आणि वाचले असते १ लाख ४० हजार. म्हणजे 'आता भरून उपयोग नाही' हे अगदी उलटं आहे. जादा भरण्याचा उपयोग सर्वांत जास्त कधी असेल तर तो आत्ता.

पण ४ लाख ५८ हजार हा आकडा ऐकून लगेच हुरळूनही जाऊ नका. दीड लाख ९ टक्क्यांनी सतरा वर्षं कुठेही ठेवले तरी ते पावणेसात लाखांच्या पुढे जातात. कर्जात जादा भरणं म्हणजे आपल्या पैशावर बरोबर कर्जाच्या दरानं कमाई करणं. लवकर भरलं म्हणून तो दर वाढत नाही, फक्त तो जास्त वर्षं मिळतो. मुदत ठेवीवर ९ टक्के मिळत नाहीत आणि जे मिळतात त्यावर कर बसतो, म्हणून ठेवीपेक्षा कर्जात भरणं बरं. जुन्या करप्रणालीत घरकर्जाच्या व्याजाची वजावट घेत असाल तर मात्र हा फायदा थोडा कमी धरा.

भरायला जाल तेव्हा खिडकीवर एक प्रश्न येईल, किंवा येणारही नाही आणि तुमच्या वतीनं कुणीतरी ठरवून टाकेल: हप्ता कमी करायचा की मुदत? हप्ता कमी केलात तर तो १६,५५६ होईल, मुदत तीच राहील आणि व्याज वाचेल १ लाख ४३ हजारांच्या आसपास. मुदत कमी केलीत तर वर सांगितलेले ४ लाख ५८ हजार. यात जादू नाही. पहिल्या प्रकारात दर महिन्याचे १,४३८ रुपये तुमच्या हातात राहतात, दुसऱ्यात ते पुन्हा मुद्दलात जातात. हातात राहिलेले १,४३८ तुम्ही बाजूला टाकणार असाल तर गोष्ट वेगळी. माझा अनुभव असा की ते दिवाळी, लग्नाचा आहेर आणि गॅस यांत कधी जातात ते कळत नाही.

तुमच्या यजमानांच्या, बँक बदलण्याच्या बेताबद्दल मला जरा जास्त काळजी वाटली. साडेआठ टक्के म्हणजे अर्धा टक्का कमी, ऐकायला छानच. हप्ताही सोळा हजारांवर येतो म्हणता. पण तिथे थांबा आणि त्या हप्त्याच्या मागे मुदत किती धरली आहे ते विचारा. मी हिशेब करून बघितला. १८ लाख ७६ हजारांना साडेआठ टक्क्यांनी १६,२८७ चा हप्ता येतो तो पुन्हा पूर्ण वीस वर्षांची मुदत धरली तर. तुमची उरलीत सतरा. म्हणजे तुम्ही तक्त्याची वरची, व्याजानं भरलेली पानं पुन्हा नव्यानं सुरू करणार. एकूण भरणा होईल ३९ लाख ८ हजार. आजच्या बँकेत, ९ टक्क्यांनी, काहीही न करता उरलेत ३६ लाख ७० हजार. दर कमी आणि हप्ता कमी असूनही खिशातून जाणार चक्क २ लाख ३८ हजार जास्त.

दुसऱ्या बँकेनं सतराच वर्षं, म्हणजे २०४ महिनेच धरले, तर हप्ता १७,४२२ येतो आणि महिन्याला ५७३ रुपये वाचतात. सगळे मिळून १ लाख १७ हजारांच्या जवळ. त्यातून नवी प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, स्टॅम्प ड्यूटी वजा करा आणि मग ठरवा. त्यापेक्षा आधी आपल्याच शाखेत जाऊन, समोरच्या बँकेचं लेखी पत्र दाखवून, दर खाली आणायचा अर्ज द्या. थोडी फी घेऊन बऱ्याच बँका तसं करतात, कारण वेळेवर हप्ते भरणारं गिऱ्हाईक कुणालाच सोडवत नाही. तीन वर्षांत तुमचा एकही हप्ता चुकलेला नाही, हे तुमच्या हातातलं पान आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही: दर बदलता आहे की स्थिर? आकडे जुळतात त्यावरून तीन वर्षांत तो फारसा हललेला दिसत नाही. बदलता असेल तर तुमच्या हातातला तक्ता आजच्या दरापुरताच खरा आहे. दर वाढला की बहुतेक बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत गुपचूप लांबवतात. तुमच्या आजच्या शिलकेवर दर ९ चा १० झाला तर व्याज १५,६४० होतं, मुद्दलात जेमतेम २,३५५ जातात आणि उरलेले २०४ हप्ते २४५ होतात. एका टक्क्याला एक्केचाळीस हप्ते! हप्त्याची रक्कम बदललेली नसते, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात यासाठीच सांगितलंय, की दर बदलला की कर्जदाराला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही हे त्याला निवडू द्यायचं, आणि दर तिमाहीला आजवर वसूल झालेलं मुद्दल, व्याज आणि उरलेले हप्ते यांचं विवरण द्यायचं. ते विवरण तुम्हाला मिळतच असेल, ईमेलमध्ये बघा. त्यात 'उरलेले हप्ते' हा एकच आकडा दर वेळी वहीत लिहून ठेवलात तरी पुरे. तिमाहीला तो तीननं कमी व्हायला हवा.

बदलत्या दराच्या घरकर्जात मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही. दर स्थिर असेल तर मात्र लागू शकतो, तेवढं आधी विचारून घ्या.

मग दीड लाखाचं काय करावं? पत्रात ओझरता आलेला युनिफॉर्मच्या युनिटचा उल्लेख मला इथे महत्त्वाचा वाटतो. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे कापड त्याच्या कितीतरी आधी घ्यावं लागतं आणि कारागिरांची मजुरी दर आठवड्याला रोख. शाळांकडून, दुकानदारांकडून पैसे सुटतात ते नंतर. मधल्या दिवसांत तुमचे यजमान कुणाकडून शेकडा दोननं उचलतात का, हे त्यांना विचारा. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस टक्के. ९ टक्क्यांचं कर्ज फेडायला हातातले पैसे घालायचे आणि दोन महिन्यांनी २४ टक्क्यांनी दुसरे आणायचे, हा हिशेब कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मुद्दलात भरलेले पैसे परत मागता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

तसली उचल असेल तर भिशी आधी तिथे लावा, घरकर्ज थांबेल. नसेल, तर मी तुमच्या जागी असते तर पन्नास हजार हंगामासाठी आणि आजारपणासाठी बाजूला ठेवले असते आणि एक लाख मुद्दलात भरले असते. एका लाखानेही तेवीस हप्ते कमी होतात आणि सव्वातीन लाखांच्या आसपास व्याज वाचतं. आणि एकरकमी पैसे नसणाऱ्यांसाठी दुसरा रस्ता आहे. दर महिन्याला हप्त्यावर फक्त हजार रुपये जास्त भरायचे. तुमच्याच शिलकेवर हजार रुपयांनीही तेवीस महिने कमी होतात आणि २ लाख ३६ हजार वाचतात. जिथे मुद्दलात जेमतेम चार हजार जातात तिथे हजार म्हणजे सव्वापट झाली की!

शाखेत जाल तेव्हा नुसते पैसे कर्जखात्यात जमा करून येऊ नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: 'ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी आणि नवा परतफेडीचा तक्ता द्यावा.' पोच घ्या. असं लिहून दिलं नाही तर कधीकधी रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहते आणि व्याज पूर्वीच्याच शिलकेवर चालू राहतं. ते ओळखायला पुन्हा पट्टीच लागेल. लाख भरल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्याच्या ओळीत व्याजाच्या रकान्यात १३,३२६ च्या आसपासचा आकडा दिसला पाहिजे. तिथे १४,०७६ दिसलं, तर पैसे मुद्दलात गेलेले नाहीत. पोच घेऊन त्याच आठवड्यात शाखेत जा.